एकेचाळीस किलो

नर्सिंग कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना सगळे आत्याबाई म्हणत. हे नाव त्यांच्या भाचीने लावलं होतं. एकदा ती त्यांना भेटायला कॉलेजात आली आणि मधल्या जिन्यावरून "आत्या" म्हणून अशी ओरडली, की दुसऱ्या दिवसापासून शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. बाईंनीही ते मनाला लावून घेतलं नाही. उलट त्याचा उपयोग करून घेतला. वर्गात कुणी "समजा असं झालं तर" करून फाटे फोडायला लागलं, की त्या खडू खाली ठेवून म्हणत, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. पुढे चला." वर्ग हसायचा आणि तास पुढे जायचा.

त्या मंगळवारी टेबलावर एक जुना थर्मोस्टॅट होता. बाईंचा मोठा भाऊ फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा. त्याच्याकडून दरवर्षी त्या हे डबडं मागून आणत.

"याच्या पोटात तीनच गोष्टी आहेत," बाई म्हणाल्या. "खोली किती गरम आहे हे ओळखणारा एक. किती असायला हवी हे ठाऊक असणारा एक. आणि फरक दिसला की मशीन चालू-बंद करणारा एक. खोली गार झाली की मशीन बंद. म्हणजे कामाचा परिणामच काम थांबवतो. याला म्हणायचं ऋण फीडबॅक. ऋण म्हणजे वाईट नव्हे, उलट दिशेचा."

मग त्यांनी फळ्यावर मेंदूचा उभा छेद काढला आणि तळाशी एक लहानसा ठिपका रंगवला. "हा हायपोथॅलॅमस. बदामाएवढा. याला रक्ताची चव कळते असं समजा. घामाने पाणी गेलं, रक्त दाट झालं, की याच्या शेजारच्या काही पेशी आकसतात. एक-दोन टक्के फरक पुरतो. त्या आकसल्या की दोन हुकूम सुटतात. एक मूत्रपिंडाला, हॉर्मोनच्या हातून, की पाणी सोडू नकोस. दुसरा तुम्हाला, की ऊठ, माठाकडे जा. त्या दुसऱ्या हुकमालाच आपण तहान म्हणतो. पाणी प्यालात, रक्त पातळ झालं, पेशी फुगल्या, हुकूम मागे. गंमत म्हणजे पाणी रक्तात पोचायच्या आधीच घसा आणि पोट वर कळवतात, की येतंय, थांबा. नाहीतर आपण फुटेस्तोवर पीत राहिलो असतो."

भुकेचं तसंच. रिकामं पोट वर निरोप धाडतं, भरलेली आतडी वेगळा निरोप धाडतात, आणि अंगातली चरबी स्वतःचं हॉर्मोन सोडून सांगत राहते, की कोठारात माल आहे. तापमानाचं तसंच. रक्त तापलं की घाम आणि कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद, गार झालं की कापरं.

"आता हा ठिपकाच गेला तर?" बाईंनी तो ठिपका बोटाने पुसला. "तर बाहेरून कुणीतरी ते काम करायला लागतं. एक बारा वर्षांची मुलगी आहे. इथल्या गाठीचं ऑपरेशन झालंय. तहान लागत नाही. पाणी धरणारं हॉर्मोन गोळीतून मिळतं, पण तहानेची गोळी नाही. तिचं योग्य वजन एकेचाळीस किलो. रोजचं पाणी अठराशे मिली. सकाळी वजन करायचं. पन्नास ग्रॅम जास्त भरलं, तर पन्नास मिली पाणी कमी. पन्नास ग्रॅम कमी भरलं, तर तेवढं जास्त. वजनाचा काटा हाच तिचा हायपोथॅलॅमस. सात आठवडे झाले, काटा एकेचाळीसच्या आसपासच आहे."

मुलगी कुणाची, हे वर्गातल्या निम्म्या जणींना माहीत होतं. म्हणून वर्ग जरा जास्तच शांत होता.

शेवटच्या बाकावरून हात वर झाला. तिला वर्ग मावशी म्हणत असे. पंधरा वर्षं वॉर्डात आया म्हणून भांडी उचलून, चादरी बदलून, पस्तिशी ओलांडल्यावर ती नर्सिंगला आली होती.

"बाई, आणि ते पोर चोरून खात असलं तर?"

"खाण्यावर देखरेख आहे."

"देखरेख वॉर्डातसुद्धा असते की. तरी उशीखाली बिस्किटं निघतातच. समजा..."

"मावशी," बाई म्हणाल्या, "आत्याबाईला मिशा असत्या तर..."

वर्गाने वाक्य पुरं केलं. मावशीही हसली आणि खाली बसली.

*

मुलीला, म्हणजे बाईंच्या भाचीला, घरी मुंगी म्हणत. लहानपणी तिच्या खाण्याला मुंगीही हसली असती. ताटातले चार घास खाऊन उठायची आणि दिवसभर घरात इकडून तिकडे पळत असायची. ऑपरेशननंतर ते पळणं थांबलं आणि खाणं थांबेना. जेवण होऊन हात धुवायच्या आत ती विचारायची, "आता काय आहे?" हावरटपणा तो नव्हताच. चरबी वर ओरडून सांगत होती की कोठार भरलंय, पण ऐकणारा जागेवर नव्हता. सहा महिन्यांत ती एकतीस किलोंवरून एकेचाळीसवर गेली. आणि पाण्याचा पेला मात्र समोर दिसत असूनही तसाच राहायचा.

तेव्हा घराने कामं वाटून घेतली. भावाने मुंगीच्या खोलीत एसी बसवला, कारण तिचं अंग खोलीबरोबर तापायचं आणि खोलीबरोबर गार पडायचं. बाहेर असतानाही तो फोनवर खोलीचा आकडा बघत असे. वहिनींकडे खाणं. फडताळाला कुलूप, किल्ली कमरेला, मोजून दिलेलं ताट. आणि पाण्याचा तक्ता बाईंकडे. ठरल्या वेळी घड्याळाचा गजर, गजराला एक पेला. डॉक्टरांनी सांगितलेला नियम त्यांनी रकाने पाडून लिहून दिला. वहिनी रोज सकाळी आकडे भरायच्या आणि तक्त्याचा फोटो पाठवायच्या.

तसा डॉक्टरांचा नियम दोन पायांवर उभा होता. वजन रोज आणि रक्तातलं सोडियम दर पंधरा दिवसांनी. सोडियम म्हणजे रक्त किती दाट आहे याचा सरळ आकडा. पण मुंगीच्या शिरा सापडत नसत. शेवटच्या खेपेला तीनदा टोचावं लागलं आणि ती परत येईपर्यंत हुंदके देत होती. तेव्हा बाईच म्हणाल्या होत्या, "वजन इतकं स्थिर आहे, तर कशाला पोरीला छळायचं? पुढच्या भेटीला बघू." त्या विषयातल्या जाणकार. त्यांचा शब्द घराने मानला.

या सगळ्याआधी एकदा, वजन वाढत होतं तेव्हा, त्या वहिनींना बोलल्या होत्या. "वहिनी, तुम्ही आई आहात हे खरं, पण लाड आणि औषध यातला फरक कळायला हवा." त्या दिवसानंतर वहिनी बाईंना ताई म्हणायच्या बंद झाल्या. वन्सं म्हणू लागल्या.

*

गुरुवारी दुपारी बारा वाजता बाई स्टाफरूममध्ये बसून पेपर तपासत होत्या. मंगळवारच्या धड्यावर दहा गुणांचा एक प्रश्न होता. वर सांगितलेल्या मुलीचं वजन आज ४१.०५ भरलं, तर पाणी किती द्याल व का? अठ्ठेचाळीस जणींनी सतराशे पन्नास लिहून फीडबॅकची आकृती काढली होती. त्यातल्या अकरा जणींनी हायपोथॅलॅमसचं स्पेलिंग अकरा तऱ्हेने लिहिलं होतं.

एकोणपन्नासावा पेपर मावशीचा. अक्षर मोठं, ओळीला धरून.

"बाईंच्या नियमाने १७५० मिली. पण मी दिलं नसतं. कारण मुलीने काय खाल्लं ते प्रश्नात दिलेलं नाही. काट्याला पाणी आणि पाव यातला फरक कळत नाही. पाव खाऊन अंग वाढलं असेल, तर आपण पाणी कापून त्याची भरपाई करू आणि काटा एकेचाळीसच दाखवील. आधी जीभ बघेन, मग रक्त."

बाईंनी सवयीने लाल पेनाने दोन गुण दिले. उत्तर विचारल्या प्रश्नाचं नव्हतं. पेपर उलटा करून गठ्ठ्यावर ठेवला आणि पुढचा घेतला. मग मागचा परत उचलला.

*काटा एकेचाळीसच दाखवील.*

त्यांनी फोन काढला आणि सात आठवड्यांचे फोटो एकामागून एक उघडले. कागद घेतला. तीन रकाने केले. पाणी बरोबर दिलं, जास्त दिलं, कमी दिलं. एकोणपन्नास दिवस होते. बरोबर, चार. जास्त, दोन. कमी, त्रेचाळीस.

नियम ठीक चालला असता, तर चुका दोन्ही बाजूंना पडायला हव्या होत्या. एक दिवस थोडं जास्त, एक दिवस थोडं कमी. माणूस दोरीवर चालताना दोन्हीकडे झुकतो. इथे दोरीवरचा माणूस सात आठवडे एकाच बाजूला तोल सावरत होता. बहुतेक दिवशी पन्नास मिली, म्हणजे अर्धा कप चहा. एवढ्याशाकडे कोण बघतो? त्यांनी बेरीज केली. दोन लिटर आणि शंभर मिली.

एकेचाळीस किलो तसेच राहिले होते. आतला माल बदलला होता.

त्यांनी घरी फोन लावला. बऱ्याच रिंगांनंतर वहिनींनी उचलला.

"मुंगी काय करतेय?"

"निजलीय. सकाळपासून जरा मलूल आहे. शाळेत पाठवली नाही. अडतीस पॉइंट चार ताप आहे. दहा वाजता तापाची गोळी दिली."

"उतरला?"

"नाही ना. आठपासून वीज नाही, खोली नुसती भट्टी झालीय. हे आठालाच कामावर गेलेत, आणि वीज नाही तर यांच्या फोनवर खोलीचा आकडाही दिसत नाही."

"घाम आलाय तिला?"

"घाम? थांबा, बघते. नाही. कातडी कोरडी आहे. गरम आणि कोरडी."

"आजचं वजन?"

"एकेचाळीस. बरोब्बर एकेचाळीस, वन्सं. आज तर पाणीही कापलं नाही."

बाईंनी रकान्यांचा कागद पर्समध्ये कोंबला. "वहिनी, तिला उठवा. हाक मारून बघा, बोलते का. ओला टॉवेल अंगावर टाका. मी येतेय. हॉस्पिटलात जायचंय."

"ताप तर आहे नुसता..."

"हा ताप नाही. तापात मेंदू स्वतः आकडा वर नेतो, म्हणून गोळी लागू पडते, ती आकडा खाली आणते. हिचा आकडा कुणी वर नेलेलाच नाही. खोली तापलीय आणि हिला ती उष्णता बाहेर टाकता येत नाहीय. घाम यायला पाणी लागतं. वहिनी, तिच्यात पाणी नाहीये."

*

रिक्षातून त्यांनी भावाला फोन केला. तो कुठल्याशा कचेरीच्या गच्चीवर होता, मागे पत्रा वाजत होता.

"वजन बरोबर आहे म्हणतेस आणि पाणी नाही म्हणतेस," तो म्हणाला. "दोन्ही कसं?"

"दादा, सात आठवडे आपण तिचं पाणी कापत आलोय. त्रेचाळीस दिवस कमी. फक्त दोन दिवस जास्त."

पत्र्याचा आवाज थांबला. भावाला शरीराचं फारसं कळत नव्हतं, पण यंत्राचं कळत होतं.

"एकाच बाजूला?"

"एकाच बाजूला."

"अगं, मग मशीनमध्ये बिघाड नाही. कुठेतरी दार उघडं आहे," तो म्हणाला. "परवाच एका हापिसात हाच घोळ. लोक कुडकुडतायत, मशीन थांबत नाही. बघतो तर थर्मोस्टॅटच्या खाली कुणीतरी चहाचं मशीन ठेवलेलं. थर्मोस्टॅट बिचारा प्रामाणिक. त्याला जे लागत होतं ते तो सांगत होता." मग एकदम आवाज बदलून, "मी हॉस्पिटलातच येतो. तू तिला घेऊन नीघ."

घराचं दार उघडंच होतं. मुंगी पलंगावर ओल्या टॉवेलात गुंडाळलेली, डोळे अर्धे मिटलेले. बाईंनी तिची हनुवटी खाली ओढून जीभ बघितली. जीभ टाळूला चिकटत होती, कडा भाजल्यासारख्या. उशाशी पाण्याचा भरलेला पेला होता. बारा वाजताचा. तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

"मुंगे, मी कोण?"

"आत्या," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "भूक लागलीय."

बाईंना हसू आलं की रडू, ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

वहिनी चपला शोधत होत्या आणि त्या पायातच होत्या. रिक्षात मुंगीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. दोन चौक गेल्यावर बाईंनी विचारलं. आवाज शक्य तितका सपाट ठेवून विचारलं.

"वहिनी, मोजून दिलेल्या ताटाखेरीज ती काय खाते?"

वहिनी रिक्षाबाहेर बघत राहिल्या.

"मी तुम्हाला धरायला विचारत नाहीय. डॉक्टर विचारतील. त्यांना आकडा लागेल."

"रोज चार वाजता," वहिनी म्हणाल्या. "दोन स्लाइस. लोणी लावून. आणि वर थोडं दूध." त्यांचा हात मुंगीच्या केसांतून फिरत होता, थांबत नव्हता. "शाळेतून येते आणि फडताळाच्या कुलपापाशी उभी राहते. मागत नाही, वन्सं. मागितलं असतं तर मी ओरडले असते. ती नुसती कुलूप हातात धरून उभी राहते. पहिल्या दिवशी दिलं आणि रात्रभर देवाचं नाव घेत होते, की सकाळी काटा वर जाणार. सकाळी बघते तर एकेचाळीस, वर फार तर पन्नास ग्रॅम. दुसऱ्या दिवशी दिलं. एकेचाळीस. मग मला वाटलं, एवढं खाल्ल्याने काही होत नाही. तुमचाच काटा सांगत होता मला, की काही होत नाही."

या आईवर रागवायला जागाच नव्हती. तिने रोज सकाळी तपासून पाहिलं होतं आणि रोज सकाळी बाईंच्या तक्त्याने तिला निर्दोष सोडलं होतं. तिच्या दोन स्लाइस तक्ता पाणी कापून फेडत होता, आणि हिशेब फिटतोय म्हणून स्लाइस चालू राहत होत्या.

"सोडियम मी बंद केलं होतं," बाई म्हणाल्या. "ते चालू असतं तर पंधरा दिवसांत कळलं असतं. हे तुमच्याआधी माझ्याकडे येतं, वहिनी."

वहिनींनी पहिल्यांदा त्यांच्याकडे मान वळवली.

*

तातडीच्या विभागातली डॉक्टर तरुण होती आणि तिने काट्याला हातही लावला नाही. शीर दुसऱ्या प्रयत्नात मिळाली. वीस मिनिटांनी आकडा आला. सोडियम एकशे चोपन्न. एकशे पंचेचाळीसच्या वर जायला नको ते.

"साधारण दोन लिटर पाणी कमी आहे," डॉक्टर म्हणाली.

"दोन लिटर शंभर," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टरने चमकून बघितलं. बाईंनी पर्समधला कागद पुढे केला. तिने तो वाचला, मागे उलटला, तिथे मावशीचं उत्तर होतं. घाईत बाईंनी पेपरच्या पाठीवरच रकाने पाडले होते. डॉक्टरने तेही वाचलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"माझी विद्यार्थिनी आहे."

"दोन गुण दिलेत?" डॉक्टर म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता नर्सकडे वळली.

भाऊ पोचला तो कपाळावर ग्रीस घेऊन. त्याचा पहिला प्रश्न सरळ होता. "दोन लिटर कमी, तर दोन लिटर घाला की. वाट कशाची बघताय?"

"हळू घालायला हवं," डॉक्टर म्हणाली. "रक्त हळूहळू दाट झालं, तसा मेंदूच्या पेशींनीही आत क्षार साठवून स्वतःला सावरलं. आता एकदम पाणी ओतलं, तर ते त्या पेशींतच घुसेल आणि मेंदू सुजेल. दिवसाला दहाच्या वर सोडियम उतरवायचं नाही. दर चार तासांनी रक्त बघू."

"म्हणजे दर चार तासांनी टोचणार," वहिनी म्हणाल्या.

"एकदाच नळी ठेवू. तिच्यातून घेता येईल."

वहिनींनी बाईंकडे बघितलं. एवढं साधं होतं तर, असं त्या नजरेत होतं, आणि बाईंना ती नजर जड गेली.

वॉर्डातली खोली गार होती. तासाभरात मुंगीचं अंग साडेसदतीसवर आलं. खोलीच्या मागे मागे, एखाद्या भांड्यासारखं. भावाने सवयीने एसीच्या जाळीला हात लावून बघितला आणि मग थर्मोस्टॅट कुठे बसवलाय ते शोधलं. तो दारामागे होता. मग भाऊ खुर्चीत येऊन बसला.

"मी तापमान सांभाळलं," थोड्या वेळाने तो म्हणाला. "हिने ताट सांभाळलं. तू पाणी. तिघांनी आपापलं काम चोख केलं. आणि पोरगी इथे."

"त्या बदामात हे सगळं शेजारी शेजारी असतं, दादा," बाई म्हणाल्या. "एकाचं दुसऱ्याला कळतं. आपण तिघं वेगवेगळ्या खोल्यांत बसलो होतो."

"मला चार वाजताच्या स्लाइसचं माहीत होतं," भाऊ म्हणाला.

दोघी वळून त्याच्याकडे बघायला लागल्या.

"लोण्याचा डबा लवकर संपत होता. फ्रिजवाला आहे मी, मला फ्रिजमधलं कळणार नाही? म्हटलं, आईलेकीचं आहे, आपण कशाला बोला."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. रडतायत की हसतायत, हे आधी कळेना. मग कळलं की दोन्ही.

*

तिसऱ्या दिवशी सोडियम एकशे बेचाळीसवर आलं. मुंगी उठून बसली आणि नर्सला म्हणाली, की वॉर्डातलं ताट घरच्यापेक्षा लहान आहे, याची तक्रार कुठे करायची.

ग्रंथींचे नेहमीचे डॉक्टर येऊन गेले. काट्यावर वजन त्रेचाळीस किलो भरलं. नवा आकडा आता तोच. रक्त ठीक असताना जे वजन भरतं तेच योग्य, आणि तो आकडा कायमचा नाही, सोडियम बघून दर पंधरा दिवसांनी तो पुन्हा ठरवायचा. तक्त्यात खाण्याचा रकाना पाण्याशेजारी हवा. चार वाजताच्या स्लाइसचं त्यांनी ऐकून घेतलं, तेव्हा वहिनी मान खाली घालून उभ्या होत्या.

"दोन नको, एक," डॉक्टर म्हणाले. "लोणी नको. ती एक दुपारच्या ताटातून वजा करा. पण चार वाजता द्या. कुलपापाशी उभं राहू देऊ नका पोरीला."

बाई कॉलेजात अर्धा दिवस जाऊन आल्या होत्या. पेपर वाटले होते. मावशीच्या पेपरावर दोनाचे दहा केले होते, आणि वर्गासमोर का केले तेही सांगितलं होतं, सगळं, सोडियम बंद केल्यापासून. वर्गात कुणी हसलं नव्हतं. शेवटी मावशीच उभी राहून म्हणाली होती, "बाई, आता आत्याबाईला मिशा आल्या म्हणायचं का?" मग मात्र सगळे हसले आणि बाईही हसल्या, पण फळ्याकडे तोंड करून.

आता त्या मुंगीच्या पलंगावर बसून नवा तक्ता आखत होत्या. वहिनी शेजारी. रकाने मोठे हवेत, असं वहिनींचं म्हणणं होतं.

"खाण्याच्या रकान्यात खरं लिहायचं," बाई म्हणाल्या.

"खरंच लिहीन. पण ताई, एक सांगू? खरं लिहिल्यावर ओरडणार असलात, तर मला पुन्हा लपवावं लागेल."

"नाही ओरडणार."

"बघा हं. सवय आहे तुम्हाला."

बोलता बोलता बाईंनी उशाशी असलेली बाटली उचलली, चार घोट घेतले, खाली ठेवली आणि पट्टीने पुढची रेघ ओढली.

मुंगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"आत्या, तू आत्ता पाणी का प्यायलीस?"

"अं? कुठे?"

"आत्ता. प्यायलीस की. चार वाजले नाहीत, घड्याळही वाजलं नाही. कुणी सांगितलं तुला?"

बाईंनी बाटलीकडे बघितलं. झाकण अजून त्यांच्याच हातात होतं. वीस वर्षं त्या वर्गात हेच शिकवत आल्या होत्या.

"मला कळलंच नाही गं," त्या म्हणाल्या.

मुंगीने थोडा विचार केला. मग आपला पेला उचलला, त्यावरची दीडशेची खूण बघितली, आणि सगळं पाणी एका दमात पिऊन पेला तक्त्यावर ठेवला.

"माझं लिही," ती म्हणाली.